‘पोहोचला’ की ‘दिसला’? इंप्रेशन्स, सीटीआर आणि व्ह्यूज

प्रश्न : आमच्या दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदार गटाचं यूट्यूब चॅनल आहे. ऑक्टोबर छाटणीच्या व्हिडिओला इंप्रेशन्स ४०,०००, सीटीआर ४.५ टक्के आणि व्ह्यूज ३,१०० दिसतात. पण ४०,०००चे साडेचार टक्के तर १,८०० होतात! आणि वार्षिक अहवालात ‘व्हिडिओ ४०,००० शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला’ असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : नाही, तसं लिहू नका. इंप्रेशन्समध्ये माणसं नव्हे, वेळा मोजल्या जातात. व्हिडिओचं थंबनेल यूट्यूबवर कुणाच्या पडद्यावर निदान अर्धं आणि एका सेकंदाहून अधिक काळ दिसलं की एक इंप्रेशन धरतात. एकाच बागायतदाराला ते सकाळी होम पेजवर दिसलं आणि संध्याकाळी ‘छाटणी’ शोधताना पुन्हा दिसलं, तर इंप्रेशन्स दोन झाली, माणूस एकच. शिवाय थंबनेल दिसलं म्हणजे व्हिडिओ पाहिला असंही नाही. म्हणून वाक्य असं हवं : ‘व्हिडिओचं थंबनेल यूट्यूबवर ४०,००० वेळा दिसलं.’

आता हिशेब. तुमचा गुणाकार बरोबर आहे. सीटीआर म्हणजे मोजल्या गेलेल्या इंप्रेशन्सपैकी किती टक्के वेळा व्हिडिओ उघडला गेला, ते प्रमाण. त्यामुळे १,८०० हे थंबनेल पाहून आलेले व्ह्यूज झाले. पडद्यावरचा ४.५ हा आकडा एका दशांशापर्यंतच दिसतो, तेव्हा खरी संख्या १,७८० ते १,८२०च्या दरम्यान कुठेही असू शकते. व्ह्यूजच्या रकान्यात मात्र कुठल्याही वाटेने आलेलं प्रत्येक पाहणं धरलेलं असतं, आणि सगळ्याच वाटांवर इंप्रेशन मोजलं जात नाही. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली लिंक, मोबाइलवर आलेली नोटिफिकेशन, दुसऱ्या वेबसाइटवर लावलेला व्हिडिओ, तुमच्याच आधीच्या व्हिडिओच्या शेवटी येणारी एंड स्क्रीन किंवा मध्ये येणारं कार्ड : यांतून कुणी आलं तर व्ह्यू वाढतो, इंप्रेशन वाढत नाही.

तुमचे उरलेले १,३०० व्ह्यूज तिथलेच असणार. खात्री करायची तर यूट्यूब स्टुडिओत तो व्हिडिओ उघडा, अ‍ॅनालिटिक्समध्ये Reach टॅबवर जा आणि तिथला Traffic source हा तक्ता पाहा. समजा त्यात External समोर ८२०, नोटिफिकेशन्ससमोर २१०, एंड स्क्रीनसमोर ९० आणि थेट किंवा अज्ञात स्रोतासमोर १८० आहेत. बेरीज १,३०० येते. External वर क्लिक केलं की त्यातले व्हॉट्सअ‍ॅपचे किती तेही दिसतं. बागायतदारांच्या चॅनलला हा भाग मोठा असणं स्वाभाविक आहे, कारण छाटणीच्या हंगामात लिंक एका गटातून दुसऱ्या गटात फिरते.

इथे एक चूक फार होते. काही जण ३,१०० भागिले ४०,००० करतात आणि ‘आमचा सीटीआर ७.७५ टक्के’ असं लिहितात. लिंक उघडून आलेल्यांनी थंबनेल पाहून निवड केलेली नसते, मग त्यांचं श्रेय थंबनेलला कसं द्यायचं? सीटीआर रिपोर्टमधला आहे तसाच घ्यावा.

आणि तो घसरला म्हणून घाबरून थंबनेल बदलू नका. पहिल्या दिवशी व्हिडिओ प्रामुख्याने तुमच्या सबस्क्रायबर्सना दिसतो, ते उत्सुकतेने उघडतात. समजा तेव्हा ८,००० इंप्रेशन्सवर ८ टक्के, म्हणजे ६४० व्ह्यूज आले. पुढे यूट्यूबने तो अनोळखी लोकांच्या होम पेजवर नेला. ३२,००० इंप्रेशन्सवर १,१६० आले, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. एकूण झाले १,८००, आणि सीटीआर ८ वरून ४.५ वर उतरला. व्हिडिओ खरं तर अधिक पसरला! यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनल्सचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, त्यामुळे तुमचा आकडा चांगलाच त्यात बसतो. इंप्रेशन्स फारशी न वाढता सीटीआर पडत गेला, तर मात्र थंबनेल आणि शीर्षक तपासावं.

अहवालात माणसांचाच आकडा हवा असेल तर Unique viewers घ्या. तो व्हिडिओ पाहणाऱ्या वेगवेगळ्या व्यक्तींचा अंदाज असतो. थंबनेल किती व्यक्तींना दिसलं, हे या रिपोर्टमध्ये मिळत नाही. मग ‘अंदाजे इतक्या जणांनी व्हिडिओ पाहिला’ हे वाक्य निर्धास्त लिहा. फक्त ‘शेतकऱ्यांनी’ लिहू नका, कारण पाहणाऱ्याचा व्यवसाय यूट्यूब सांगत नाही. आणि छाटणी, विरळणी, डिपिंग अशा वेगवेगळ्या व्हिडिओंचे हे आकडे एकमेकांत मिळवू नका. तिन्ही व्हिडिओ पाहणारा माणूस त्या बेरजेत तीनदा येतो. सगळ्या व्हिडिओंचा मिळून एकच आकडा हवा असेल तर चॅनलच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तो ज्या कालावधीसाठी मिळतो, त्या तारखा निवडून तिथला घ्या.