पादचारी अपघात: आयटी रिटर्न नसताना भरपाईचा दावा

प्रश्न: साताऱ्यात रस्ता ओलांडताना काकांना कारने उडवलं, ते गेले. भाजीचा धंदा होता, आयटी रिटर्न नाही. भरपाई कोणाकडे मागायची?

उत्तर: काकूंनी, मुलांनी आणि आजींनी मिळून साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करावा. ड्रायव्हर, गाडीमालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करा. कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिने आहे, त्यामुळे फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट बघत बसू नका. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, पीएम रिपोर्ट आणि विमा पॉलिसीची प्रत पोलीस ठाण्यातून घ्या.

खरी ओढाताण होते ती उत्पन्नावरून. रिटर्न नाही म्हणून दावा बुडत नाही. पण पुरावाच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने, बहुधा कमीच, आकडा धरतं. मार्केट यार्डातल्या आडत्याच्या पट्ट्या, पासबुक, यूपीआयच्या नोंदी आजच गोळा करा आणि आडत्याला साक्षीला आणा.

समजा वय ४२ आणि महिना २०,००० सिद्ध झाले. स्वतःचा धंदा असल्याने भावी वाढीचे २५ टक्के धरून २५,००० होतात. अवलंबून चौघे, म्हणून काकांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १८,७५०. वर्षाचे २,२५,०००. या वयाला गुणक १४, म्हणजे ३१,५०,०००. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळं. महिना १२,०००च धरले, तर हाच आकडा १८,९०,००० वर येतो.

कंपनी ‘ते अचानक आडवे आले’ म्हणेल आणि काकांची चूक ठरली तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. म्हणून पंचनाम्यातला नकाशा नीट बघा: ब्रेकच्या खुणा, झेब्रा क्रॉसिंग, धडकेची जागा.