सलूनच्या भागीदारीचा करार लिहिण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा वाचला. दीड पानाचा आहे आणि त्यातलं एक पान नावं, पत्ते आणि दुकानाचा गाळा नंबर यातच गेलंय. उरलेल्या जागेत 'नफा-तोटा समान' आणि 'सर्व निर्णय परस्पर संमतीने' एवढंच आहे. नोटरी यावरही शिक्का मारेल. पण भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि जे तुम्ही लिहीत नाही ते तो आपल्या मनाने भरतो. नफा निम्मा, तोटा निम्मा, काम करणाऱ्या भागीदाराला पगार नाही, भांडवलावर व्याज नाही. तुमच्या दोघींच्या बाबतीत हे सरळ सरळ चुकीचं बसतं, कारण तुझी मैत्रीण ६ लाख घालतेय नि तू २ लाख, आणि दिवसभर उभी राहून कटिंग-कलर तू करणार, ती नोकरी सांभाळून संध्याकाळी काउंटर आणि हिशोब बघणार.

म्हणून नफा वाटायच्या आधी दोन गोष्टी बाजूला काढा. समजा एखाद्या महिन्यात भाडं, मुलींचे पगार, माल, वीज सगळं जाऊन ९०,००० उरले. आधी कामाचा मोबदला: तुला ३०,०००, तिला १२,०००. मग भांडवलावर वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला तिचे ६,००० आणि तुझे २,०००. राहिले ४०,०००, ते निम्मे-निम्मे. तुझ्या हातात ५२,००० आले, तिच्या हातात ३८,०००. नुसतं 'समान' लिहिलं असतं तर दोघींना ४५,००० मिळाले असते, आणि सहा महिन्यांनी तुझे पाय दुखायला लागल्यावर तू तिच्याशी नीट बोलली नसतीस. हे आकडे तुम्ही बदला, पण पगार आणि व्याज दोन्ही करारात लिहायलाच हवेत. आयकरात ते फर्मचा खर्च म्हणून धरायचे तर करारात त्यांची तरतूद लागते, आणि व्याज १२ टक्क्यांच्या वर चालत नाही.

दर महिन्याला नफा मात्र वाटू नका. लग्नसराईत गल्ला फुगतो, पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या असतात. दर महिन्याला ठरलेली उचल घ्या आणि खरा हिशोब मार्चअखेर करा. त्यात खुर्च्या, शाम्पू स्टेशन, एसी यांची झीज नफ्यातून आधी वजा करायची. बहुतेक सलूनवाले ती धरत नाहीत, सगळं वाटून खातात आणि चौथ्या वर्षी नव्या खुर्च्यांसाठी कर्ज काढतात.

कामाच्या वाटणीबद्दल फार लिहीत नाही, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. भांडण जिथून निघतं ती जागा तेवढी सांगतो: बाहेरच्या ब्रायडल ऑर्डरी. रविवारी तू कुणाच्या तरी घरी जाऊन नवरीचा मेकअप केलास, ते पैसे तुझे की फर्मचे? नवरी सलूनच्या पेजवरून आली असेल आणि माल सलूनचा वापरला असेल तर ते फर्मचे, असं माझं मत. त्यातला काही टक्का तुला जादा द्या हवं तर, पण पावती फर्मचीच फाडा. आणि बँकेतून ठरावीक रकमेच्या वर पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतील, हेही लिहा. फर्मच्या नावावर एकीने केलेलं कर्ज दुसरीच्या घरापर्यंत येऊ शकतं.

आता खरा मुद्दा, बाहेर पडण्याचा. भागीदार दोनच असतील तर एकजण गेल्यावर भागीदारीच उरत नाही, फर्म विसर्जित होते. त्यामुळे 'एकीला बाहेर पडता येईल' एवढं पुरत नाही. लेखी सूचना किती महिन्यांची, दुकान कोण चालवणार आणि जाणारीला किती, कधी मिळणार, हे तीनही हवं. सूचना तीन महिन्यांची ठेवा, लग्नसराईच्या तोंडावर देता येणार नाही अशी अट घाला. दुकान घ्यायचा पहिला हक्क तुला असू दे, कारण काम तुझ्या हातात आहे. पण गाळ्याचा भाडेकरार तिच्या एकटीच्या नावावर करायचं चाललंय म्हणालीस, मग तो हक्क कागदावरच राहील. करार फर्मच्या नावाने करा.

रक्कम कशी काढायची ते उदाहरणाने बघ. दोन वर्षांनी ती निघाली. सामान ५ लाखांचं होतं, दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के झीज धरून सुमारे ३,६१,००० राहिलं. गाळ्याचं डिपॉझिट दीड लाख, माल ४०,०००, बँकेत ६०,०००. एकूण ६,११,०००. यातून माल देणाऱ्यांची ३५,००० ची उधारी वजा. आणि ७६,००० आणखी वजा, जे सगळे विसरतात: गिऱ्हाइकांनी आधी पैसे भरून घेतलेली, पण अजून न वापरलेली पॅकेजेस. ते पैसे केव्हाच खर्च झालेत, सेवा मात्र तुला पुढे फुकट द्यायची आहे. उरले ५ लाख.

सुरुवातीला भांडवल होतं ८ लाख. इंटिरिअरचे दीड लाख तर परत येतच नाहीत. म्हणजे ३ लाख कमी पडले. 'तोटा समान' असेल तर दोघींच्या माथी दीड-दीड लाख, तिला साडेचार लाख द्यायचे. तोटा भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे ३:१ असा लिहिला असेल तर तिच्या वाट्याला सव्वादोन लाख येतात आणि तिला पावणेचार लाख मिळतात. एका शब्दामुळे ७५,००० चा फरक. कोणतं बरोबर हे मी सांगणार नाही, तू तिच्यासमोर बसून हाच हिशोब मांड आणि दोघी ठरवा. नावाची किंमत, म्हणजे गुडविल, धरायची का, धरली तर कशी, तेही त्याच बैठकीत. माझा कल सरासरी वार्षिक नफ्याच्या निम्म्याकडे आहे, नव्या सलूनला त्याहून जास्त परवडत नाही. पैसे बारा हप्त्यांत द्यायची सोय ठेव, एकदम साडेचार लाख काढलेस तर दुकान बंद पडेल. कुणाचा मृत्यू झाला तर वारसांना याच हिशोबाने पैसे मिळतील, खुर्ची नाही, हेही लिही.

जाणारीने शेजारीच दुकान टाकू नये ही अट कायद्याला चालते, पण ती वाजवी हवी. एक वर्ष आणि दोन किलोमीटर टिकेल. 'सांगली जिल्ह्यात कधीही नाही' असं लिहिलंत तर कोर्ट ते बाजूला ठेवेल. इन्स्टाग्रामचं पेज आणि गिऱ्हाइकांचे नंबर दुकानाबरोबर राहतील, हे वेगळं लिहा.

करार स्टॅम्प पेपरवर करून निबंधकाकडे फर्म नोंदवा. न नोंदवलेल्या फर्मच्या भागीदाराला या कराराच्या हक्कांसाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही, मग एवढं लिहून काय मिळवलं? आणि फर्म मोडली की निबंधकाला कळवून राजपत्रात व मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची. ती दिली नाही तर जाणारी मैत्रीण बाहेरच्या घेणेकऱ्यांना जबाबदार राहू शकते. ही काळजी तिच्या बाजूची आहे, तरी तूच तिला सांग.

आकडे भरून नवा मसुदा पाठव. येताना तिलाही घेऊन ये, एकटीला मी काही समजावणार नाही.

तुझा,
काका