पंचांचा कल आणि गुणांतली तफावत: डायव्हिंग-जिम्नॅस्टिक्सविषयी वाचकांचे प्रश्न

डायव्हिंगमध्ये सात पंचांच्या गुणांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन काढून टाकतात. मग एखाद्याने पक्षपात केला तरी त्याचा गुण आपोआप बाद होतो. यात काळजी करण्यासारखं काय आहे? (एक पालक, पुणे)

गुण बाद होतो, पण परिणाम बाद होत नाही. एक काल्पनिक सूर घेऊ. त्याचा अवघडपणाचा गुणक ३.२ आहे. सहा पंचांनी ७.०, ७.०, ७.५, ७.५, ७.५ आणि ८.० दिले. सातवा पंच त्या खेळाडूच्याच देशाचा. त्याला मनातून ७.० योग्य वाटत होते, पण त्याने ९.० दिले. वरचे ९.० आणि ८.० गेले, खालचे दोन ७.० गेले. उरले तीन ७.५, बेरीज २२.५, गुणिले ३.२ म्हणजे ७२.० गुण.

आता तोच पंच प्रामाणिक राहिला आणि त्याने ७.० दिले असं समजा. खालचे दोन ७.० जातात, तरी तिसरा ७.० उरतो. वरून ८.० आणि एक ७.५ जातात. मधले तीन म्हणजे ७.०, ७.५, ७.५, बेरीज २२.०, आणि गुण ७०.४. त्याचे ९.० मोजलेच गेले नाहीत, तरीही खेळाडूला १.६ गुण जास्त मिळाले, कारण त्या ९.० ने वरची एक जागा अडवली आणि कापणीची रेघ सरकली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ३ मीटर स्प्रिंगबोर्डवर चीनचा शिओंग नी ७०८.७२ गुणांनी जिंकला आणि मेक्सिकोचा फर्नांडो प्लातास ७०८.४२ वर राहिला. गुण मोजण्याची रीत तेव्हा थोडी वेगळी होती, पण उपांत्य आणि अंतिम फेरीचे गुण मिळूनही सुवर्ण आणि रौप्य यांत फक्त ०.३० चं अंतर होतं.

या उदाहरणातून एक उपयोगी नियम निघतो. बाकी सहा पंचांचे गुण चढत्या क्रमाने लावा. पाचव्यातून दुसरा वजा करा आणि गुणकाने गुणा. एकटा पंच एका सुरात जास्तीत जास्त तेवढाच फरक पाडू शकतो. वरच्या उदाहरणात ७.५ वजा ७.०, गुणिले ३.२, म्हणजे बरोबर १.६. बाकीचे सहाजण एकमेकांच्या जवळ असतील तर पक्षपाती पंचाने काहीही लिहिलं तरी फारसं बिघडत नाही. ते विखुरलेले असतील तर त्याच्या हाती मोठी ताकद येते. म्हणून मी पक्षपात आणि तफावत हे दोन वेगळे प्रश्न मानत नाही.

आमच्याकडे स्पर्धेची सगळी गुणपत्रकं आहेत. एक पंच आपल्या क्लबच्या मुलांना झुकतं माप देतो असा संशय आहे. तो आकड्यांनी तपासता येतो का? (माजी डायव्हर, ठाणे)

येतो, पण त्या पंचाने आपल्या मुलांना किती गुण दिले हे पाहून नाही. त्याची मुलं खरोखरच चांगली असतील. शिवाय काही पंच सगळ्यांनाच सढळ हाताने देतात. सगळ्यांनाच मिळत असेल तर क्रमवारीला त्याचा त्रास नसतो.

प्रत्येक सुरासाठी त्या पंचाचा गुण घ्या आणि त्यातून त्याच सुराला बाकी सहा पंचांनी दिलेल्या गुणांची सरासरी वजा करा. सूर एकच असल्याने खेळाडू चांगला की वाईट हा मुद्दा निघून जातो. एक्सेलमध्ये सात पंच C ते I या रकान्यांत असतील आणि संशयित D मध्ये असेल, तर सूत्र असं होईल:

```
=D2-(SUM(C2:I2)-D2)/6
```

आता हे फरक दोन गटांत वाटा, स्वतःच्या क्लबची मुलं आणि बाकीची. समजा ७२ सूर आहेत. परक्या ६० सुरांवर त्याचा सरासरी फरक +०.१० आला आणि आपल्या १२ सुरांवर +०.४०. यातलं ०.१० हा त्याचा सढळपणा. उरलेलं ०.३० हा झुकाव.

हे ०.३० योगायोगानेही येऊ शकतं का, ते पाहायला ७२ फरक ७२ चिठ्ठ्यांवर लिहिल्याची कल्पना करा. त्यांतून कुठल्याही १२ काढून त्यांना ‘आपली’ म्हणा, उरलेल्या ६० ना ‘परकी’, आणि दोन सरासऱ्यांतलं अंतर मोजा. संगणकाकडून हे हजार वेळा करून घ्या. ०.३० किंवा जास्त अंतर हजारातून दीड-दोनशे वेळा आलं तर तुमचा संशय आकड्यांवर टिकत नाही. आठ-दहा वेळाच आलं तर त्या पंचाला बोलावून विचारायला हरकत नाही.

मात्र एक जपा. वीस पंचांची अशी तपासणी केली आणि प्रत्येकाला शंभरात पाच अशी मर्यादा लावली, तर सगळे निर्दोष असले तरी एखादा जाळ्यात सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणून पहिल्या स्पर्धेत संशय घ्या आणि पुढच्या स्पर्धेच्या आकड्यांवर तो पुन्हा तपासा. आणि ‘परकी’ हा गट एकत्र ठेवू नका. आपल्या मुलाच्या थेट प्रतिस्पर्ध्याला अर्धा गुण कमी देणं हाही पक्षपातच आहे, आणि तो मोठ्या सरासरीत दिसत नाही. त्यांचे सूर वेगळे काढा.

सिडनीच्या डायव्हिंगचे १,५४१ सूर, म्हणजे १०,७८७ गुण, संख्याशास्त्रज्ञांनी साधारण याच विचाराने तपासले आहेत. काही पंच स्वतःच्या देशाच्या खेळाडूंकडे झुकल्याचं त्यात दिसलं.

एकाच सुराला एक पंच ४.५ देतो आणि दुसरा ६.५. यातला एक नक्कीच चुकतोय ना? (कॉलेज विद्यार्थी, नागपूर)

नक्की नाही. उत्तम सुरात चुका कमी, त्यामुळे मतभेदालाही जागा कमी. बिघडलेल्या सुरात एकाला वाकलेले गुडघे जास्त खटकतात, दुसऱ्याला पाण्यात शिरतानाचा कोन. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सच्या गुणांवरच्या अभ्यासातही कामगिरी जितकी चांगली तितकी पंचांची चूक लहान, असंच दिसलं आहे. म्हणून सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नका. सरासरी पाचच्या खाली, पाच ते सात आणि सातच्या वर असे सुरांचे तीन गट करून प्रत्येक गटात नेहमीची तफावत किती ते काढा. पाचच्या आसपास एक गुणाने वेगळं जाणं चालून जाईल. नऊच्या आसपास तेवढाच फरक गंभीर आहे.

रिओमध्ये दीपा कर्माकरचं पदक पंचांनी घालवलं, असं आजही ऐकायला मिळतं. खरं काय? (वाचक, सोलापूर)

दीपावरचं प्रेम मलाही आहे, म्हणूनच आकडे नीट बघू. १४ ऑगस्ट २०१६ च्या वॉल्ट अंतिम फेरीत तिला पहिल्या वॉल्टला १४.८६६ आणि दुसऱ्याला, म्हणजे प्रोडुनोव्हा या अवघड उडीला, १५.२६६ मिळाले. सरासरी १५.०६६. कांस्य जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रूबरचे १५.२१६. म्हणजे ०.१५० चं अंतर. प्रोडुनोव्हाचा अवघडपणा ७.० होता, अंमलबजावणीला ८.२६६ मिळाले, आणि उतरताना ती खूप खाली बसली होती.

रिओत अंमलबजावणीला पाच पंचांचे पाच गुण होते. त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान काढून मधल्या तिघांची सरासरी घेत. वर सांगितलेला नियम इथे असा होतो: एकट्या पंचाची ताकद म्हणजे बाकी चौघांच्या सर्वांत मोठ्या आणि लहान गुणांतलं अंतर भागिले तीन. दीपाचं ०.१५० एकट्या पंचाने घालवायचं, तर दोन्ही वॉल्टला त्याच्याकडे सरासरी तेवढी ताकद हवी. म्हणजे बाकी चौघांमध्येच सरासरी ०.४५ ची तफावत हवी, आणि दोन्ही वेळा त्याने वरचं टोक सोडून खालचं गाठायला हवं.

एका अंतिम फेरीतल्या दोन वॉल्टवरून पक्षपात सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, कारण वर केली तशी तुलना करायला सामग्रीच नसते. शिवाय जिम्नॅस्टिक्सच्या संशोधनात असंही आढळलं आहे की अवघड रचना करणाऱ्यांना अंमलबजावणीचे गुणही थोडे जास्त मिळतात. हा परिणाम त्या दिवशी झाला असेल तर तो दीपाच्या बाजूने झाला असणार.

सगळे पंच एकमताचे असतील तर निकाल बरोबर मानायचा का? (क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर)

नाही, सगळे मिळून एकच चूक करू शकतात. २००४ च्या अथेन्समध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बार्सच्या रचनेचं आरंभमूल्य, म्हणजे ती निर्दोष केल्यास मिळू शकणारे गुण, १०.० ऐवजी ९.९ धरलं गेलं. अष्टपैलू स्पर्धेत तो अमेरिकेच्या पॉल हॅमच्या ०.०४९ मागे, तिसरा राहिला. आंतरराष्ट्रीय संघटनेने चूक मान्य केली आणि तीन पंचांना निलंबित केलं, पण तक्रार वेळेत न आल्याने निकाल बदलला नाही. २००६ पासून अवघडपणा आणि अंमलबजावणी हे गुण वेगवेगळे देण्याची पद्धत आली.

नामांकित खेळाडूला सगळ्याच पंचांनी थोडं जास्त दिलं, तर तुमच्या तक्त्यात प्रत्येकाचा फरक शून्याजवळ दिसेल, कारण मोजपट्टीच सरकलेली असते. यावर उपाय एकच: काही चित्रफिती क्रम बदलून, आवाज आणि नावं काढून, त्या स्पर्धेत नसलेल्या पंचांकडून पुन्हा तपासून घ्यायच्या.

आमच्या जिल्हा डायव्हिंग स्पर्धेत पंच म्हणजे क्लबचेच प्रशिक्षक. बाहेरचे पंच आणायला पैसे नाहीत. नियम कसे करू? (आयोजक, रायगड)

सात पंच मिळत नसतील तर पाच घ्या, वरचा एक आणि खालचा एक काढा, आणि सहावा राखीव ठेवा. ज्या क्लबचा मुलगा फळीवर आहे त्या क्लबच्या प्रशिक्षकाने त्या सुरापुरतं उठायचं आणि राखीव पंचाने बसायचं. सहाही जण वेगवेगळ्या क्लबचे असतील तर हे सहज जमतं.

गुण एकाच खुणेवर, एकाच वेळी दाखवा. एकमेकांचे गुण पाहून ठरवायची सोय राहिली तर पुढची सगळी आकडेमोड फुकट जाते. स्पर्धेच्या सकाळी सगळ्या पंचांना आठ-दहा सुरांची चित्रफीत दाखवा, प्रत्येकाला गुण लिहायला सांगा आणि जिथे दीड गुणाहून जास्त अंतर पडलं तिथे बोला. तफावत कमी होण्यासाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि तफावत कमी झाली की एकट्या पंचाची ताकद कमी होते. उड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रशिक्षकाने चांगला खेळाडू शेवटी ठेवला की पंच शेवटाला वाढत्या गुणांची वाट पाहू लागतात.

प्रत्येक पंचाच्या नावासह गुणपत्रक त्याच दिवशी लावा. पण एका सुरावर वेगळा गुण दिला म्हणून कुणाला शिक्षा करू नका. तसं केलंत तर पंच सूर पाहण्याऐवजी इतरांचा मधला गुण ओळखायला लागतील. तुमच्या तक्त्यात तफावत छान घटलेली दिसेल आणि एखाद्या अनोळखी मुलीने मारलेल्या अप्रतिम सुराला कुणीच ९ देणार नाही. ही भीती खरी ठरते का, ते पाहायला दरवर्षी थोड्या चित्रफिती वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासा. स्पर्धेत पंचांचं एकमत दिसतं, पण पुन्हा तपासणाऱ्यांचे गुण त्यापासून दूर पडतात, असं आढळलं तर पंच मधला गुण शोधत बसले आहेत.