तांब्याच्या पिंपाची पहिली ओळ कोणासाठी लिहायची?

"मी घरगुती भांडी आणि शोभेच्या वस्तू ऑनलाइन विकते. काहीजण भेट द्यायला घेतात, काही फक्त स्वस्त कुठे मिळतं ते बघतात, काही माप-वजन विचारून हैराण करतात. यांना ओळखायचं कसं? आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी कोणाला धरून लिहायच्या?"

भेट देणाऱ्याला धरून लिहा. स्वस्त शोधणाऱ्यासाठी तिथे काहीच लिहायची गरज नाही. किंमत फोटोशेजारी छापलेलीच असते आणि तुमची ओळ वाचायच्या आधी त्याने ती बघितलेली असते. माप-वजन तपासणारा शेवटपर्यंत वाचतोच, त्याची माहिती दहाव्या ओळीत असली तरी तो ती शोधून काढतो. भेट शोधणारा मात्र पहिल्या दोन ओळींत "हे त्यांना देण्यासारखं आहे का आणि वेळेत पोचेल का" एवढं कळलं नाही, तर पुढच्या दुकानात जातो.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण याच एका ओळीवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं दोन वर्षं वाजलं होतं.

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. दुकान दादा बघतो, ऑनलाइन विक्री मी. दुकानात भांडं काट्यावर चढतं, किलोचा भाव सांगितला जातो, वर मजुरी, आणि जुनं भांडं मोडीत दिलं तर तेवढे वजा. दादा लहानपणापासून हेच बघत आला, त्यामुळे त्याच्या मते गिऱ्हाईक म्हणजे भाव विचारणारा माणूस. आम्ही पाच लिटरचं मठारलेलं पिंप विकायला ठेवलं, पितळी तोटीचं, झाकणावर पितळी मूठ. नाव आणि पहिली ओळ त्यानेच लिहिली: "ऑफर पीस. शुद्ध तांब्याचं पिंप, बाजारभावापेक्षा स्वस्त." मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "तुला गिऱ्हाईक कळत नाही." ओळ तशीच राहिली.

मग नाशिकहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी ते पिंप ठाण्याला विहीणबाईंच्या वास्तुशांतीला थेट पाठवलं होतं. लेकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वस्तू वेळेत पोचली, पोचा नाही, ओरखडा नाही. पण खोक्यावरच्या चिठ्ठीत वस्तूचं नाव जसंच्या तसं छापून आलं होतं: "ऑफर पीस". जेवणाच्या पंगतीआधी पाच-सहा जणांसमोर ते खोकं उघडलं गेलं आणि कोणीतरी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. बाई भांडत नव्हत्या, त्याचंच मला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो ताई, मी पूर्ण पैसे देऊन घेतलं हो. आता ते सांगत कोणाकोणाकडे जाऊ?"

पैसे परत देऊन ती गोष्ट मिटणारी नव्हती. मी त्यांच्या विहीणबाईंना माझ्या हाताने पत्र लिहिलं, की 'ऑफर' हा शब्द दुकानाने घातला होता, पाठवणाऱ्यांनी पूर्ण किंमत दिली आहे. पत्राचा उपयोग किती झाला ते विचारायचा धीर मला झाला नाही.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. माप तपासणाऱ्यासाठी आणि स्वस्त शोधणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन एकच माणूस वाचतो, तो स्वतः. भेटीच्या वस्तूचं वर्णन दोघं-तिघं वाचतात. घेणारी बाई आधी लिंक नवऱ्याला किंवा जावेला पाठवते, "हे कसं वाटतं?" म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकखाली फोटो, नाव आणि पहिले चार शब्द दिसतात, आणि पसंती-नापसंती तेवढ्यावरच ठरते. पुढे खोक्यावर तेच नाव छापून ज्याला भेट मिळाली त्याच्यासमोर जातं. त्यामुळे पहिली ओळ लिहिताना मी ती विहीणबाईंच्या बैठकीत मोठ्याने वाचून बघते. तिथे वाचायला लाज वाटेल असा शब्द तीत ठेवत नाही.

आता ओळखायचं कसं. मी त्या आठवड्यात पिंपाबद्दल आलेले जुने सगळे मेसेज काढून वहीत उतरवले. नुसता पहिला प्रश्न बघून फसायला होतं, हे तेव्हा लक्षात आलं. "वजन किती?" हा प्रश्न दोन वेगळी माणसं विचारतात. एक वजनाने किमतीला भागतो आणि म्हणतो, "म्हणजे किलोला एवढे पडले, तांब्याचा भाव तर एवढा आहे." हा स्वस्त शोधणारा. मठारायला लागलेले हात, तोटी बसवणं, झाळकाम, यातलं काही तो धरत नाही. दुसरा विचारतो, "तोटी धरून की तोटी सोडून?" हा खरा तपासणारा. त्याला पत्र्याची जाडी काढायची असते, आणि पितळी तोटीचे दीड-दोनशे ग्रॅम तांब्यात मिसळले तर त्याचा हिशेब चुकतो. म्हणून पहिल्या प्रश्नावर शिक्का मारू नका, दुसऱ्या प्रश्नाची वाट बघा.

पैशाचंही तसंच. भेट देणारा स्वतःचा आकडा सांगतो: "अडीच हजारांपर्यंत काही आहे का?" स्वस्त शोधणारा दुसऱ्याचा आकडा सांगतो: "अमक्याकडे हेच इतक्याला आहे", आणि सोबत स्क्रीनशॉट. दोघंही पैशाचंच बोलतात म्हणून दादा दोघांना एकाच पारड्यात टाकायचा. पण पहिल्याला सूट नको असते. त्या रकमेत हलकं न दिसणारं काहीतरी हवं असतं, आणि त्याला सूट दाखवली की वस्तू हलकी वाटायला लागते. भेट देणाऱ्याची सगळ्यात पक्की खूण तारीख. "शुक्रवारपर्यंत मिळेल ना?" असं विचारणाऱ्याला वस्तू कोणासाठी हवी ते वेगळं विचारावं लागत नाही. त्याला बहुतेक वेळा लिटरही ठाऊक नसतात, "चारजणांच्या घराला केवढं लागेल?" असं तो विचारतो.

वहीत निम्म्याहून जास्त मेसेज तारखेचे आणि पॅकिंगचे निघाले. मी वही दादासमोर ठेवली. मग ओळ अशी केली:

"वास्तुशांत, लग्न किंवा साठीशांतीला देण्याजोगं, हाताने मठारलेलं तांब्याचं पिंप, चार-पाच माणसांच्या घराला पुरेल असं. जाड खोक्यात भरून पाठवतो, कोणत्या तारखेला हवं ते ऑर्डर करतानाच लिहा."

यात 'सुंदर', 'आकर्षक', 'अनमोल भेट' असले शब्द नाहीत. ते घालायचा मोह होतो, पण भेट देणाऱ्याला कविता नको असते. कोणत्या प्रसंगाला, किती मोठ्या घराला, कशात भरून आणि कधी, एवढीच त्याची चिंता असते. खोक्यावर छापायचं नावही नुसतं "तांब्याचं पिंप" केलं.

तपासणाऱ्यासाठी खाली वेगळा परिच्छेद आहे, आणि तो मी मन लावून लिहिला आहे, कारण तो माणूस मला आवडतो. आमचं पिंप आतून 18 सेंमी रुंद आणि 20 सेंमी उंच, म्हणजे काठोकाठ पाच लिटर. पण तोटीचं भोक तळापासून 3 सेंमी वर आहे, त्यामुळे पाऊण लिटर पाणी तोटीतून कधीच येत नाही, पिंप तिरपं करावं लागतं. हे मी स्पष्ट लिहिते. पत्रा 20 गेजचा, साधारण 0.9 मिमी. तोटी सोडून भांडं 1 किलो 400 ग्रॅमच्या आसपास भरतं. तेवढंच पिंप 22 गेजच्या, म्हणजे पातळ पत्र्यात केलं तर तीनशे ग्रॅमने हलकं होतं आणि फोटोत अगदी सारखंच दिसतं. स्वस्त शोधणारा जो स्क्रीनशॉट पाठवतो, तो बहुधा याच हलक्या पिंपाचा असतो. त्यामुळे हा एक परिच्छेद दोघांनाही उत्तर देतो. मी किमतीवर वाद घालत नाही, स्क्रीनशॉटमधल्या पिंपाचं गेज आणि तोटीविना वजन त्याच्याकडून मागवते. बहुतेकांना ते सांगता येत नाही.

दादाचं म्हणणं होतं, हा परिच्छेदच वर घ्या, जाड पत्रा हीच आपली खरी बाजू आहे. खरी आहेच. पण वास्तुशांतीला काय न्यावं या विचारात असलेल्या बाईला "20 गेज" वाचून काय कळणार? तिला ते आपल्यासाठी नसलेल्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. दुकानात पिंप हातात घेतलं की जाडी आपोआप कळते, दादाला ते बोलावं लागत नाही. फोटोला वजन नसतं, हे त्याला पटायला फार वेळ लागला.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. हे सगळं पाणी पिण्याच्या आणि देण्याघेण्याच्या भांड्यांचं झालं. स्वयंपाकाच्या तांब्याच्या पातेल्याला मी उलटं करते, तिथे पहिलीच ओळ वापराची: "आतून कल्हई केलेलं, रिकामं गॅसवर ठेवू नये." कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं, आणि रिकामं पातेलं मोठ्या आचेवर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. कल्हई गेली की आंबट आमटी थेट तांब्यावर शिजते. अशा ठिकाणी भेट देणाऱ्याचा मान राखण्यापेक्षा जेवणाऱ्याचं पोट महत्त्वाचं. तुमच्याकडे वापरात चूक झाली तर त्रास होईल अशी वस्तू असेल तर तिथे वापरणाऱ्याला धरूनच सुरुवात करा. पिंपातही ताक, सरबत ठेवू नये ही ओळ हवीच, पण ती तिसरी चालते.

आणि शोभेच्या वस्तूंना मी सांगितलेलं प्रमाण लागू होईलच असं नाही. तुमचे स्वतःचे गेल्या दोन महिन्यांतले मेसेज काढा, एकेका माणसाचा दुसरा प्रश्न बघा आणि एकेका वस्तूचं वेगळं ठरवा. सगळ्या दुकानाला एक ओळ लावू नका. दिवाळीआधी जी वस्तू भेट म्हणून जाते, तीच मार्चमध्ये लोक घरात वापरायला घेतात.

स्वस्त शोधणाऱ्यालाही आम्ही टाकलेलं नाही. वाहतुकीत पोचा आलेली, तोटी बदललेली पिंपं आता वेगळ्या पानावर असतात, आणि तिथली पहिली ओळ दादाच लिहितो: "पोचा आलेलं पिंप, किलोच्या भावाने, मजुरी नाही. पोच्याचा फोटो खाली आहे. भेट देण्यासाठी घेऊ नये." शेवटचं वाक्य त्याने स्वतःहून घातलं, मी सांगितलं नव्हतं.