कट-ऑफ गोदामाच्या घड्याळावर मोज

चेकआउटवर माल पोहोचण्याची तारीख दाखवताना ग्राहकाच्या ब्राउझरची वेळ कट-ऑफशी, म्हणजे त्याच दिवशी माल निघावा म्हणून ऑर्डर येण्याच्या शेवटच्या वेळेशी, ताडून पाहू नकोस. कट-ऑफ गोदामाचा असतो, म्हणून आधी ‘आत्ता’ची वेळ गोदामाच्या टाइमझोनमध्ये आण.

समज, कट-ऑफ दुपारी 2 चा आहे आणि ग्राहक गोदामापेक्षा 5 तास मागे आहे. त्याच्याकडे शुक्रवार सकाळचे 11 वाजलेत, म्हणजे गोदामात दुपारचे 4. आजची गाडी गेली. शनिवार-रविवार बंद, सोमवारी गोदामाला सुट्टी, म्हणून माल मंगळवारी निघेल. वाहतुकीला कामाचे 3 दिवस लागतात, पण इथे सुट्ट्या ग्राहकाच्या गावच्या धरायच्या. तिकडे गुरुवारी सुट्टी असेल तर बुधवार, शुक्रवार आणि थेट पुढचा सोमवार. सरळ तीन दिवस मिळवले असते तर सोमवारीच पोहोचेल असं दिसलं असतं, पूर्ण आठवडा आधी!

सुट्ट्यांच्या याद्या दोन ठेव, हे मी आवर्जून सांगेन. आणि कट-ऑफच्या आसपास पान उघडं राहतं, तेव्हा ऑर्डर नोंदवताना सर्व्हरवर तारीख पुन्हा काढ. बदलली असेल तर पैसे घेण्याआधी ग्राहकाला दाखव.