चाचणीच्या दिवसाची रजा मागताना

प्रिय मित्रा,

वाहन परवान्याची चाचणी आहे म्हणून रजेचा अर्ज लिहायला बसला आहेस. तुझा मसुदा वाचला. 'काही वैयक्तिक कामानिमित्त एक दिवसाची रजा मिळावी' एवढंच त्यात आहे. असा अर्ज साहेबांना परत प्रश्न विचारायला लावतो. कोणतं काम, पुढे ढकलता येईल का, अर्ध्या दिवसात भागेल का, तुझं काम कोण बघणार? ही उत्तरं अर्जातच असली की सही लवकर होते.

आधी वेळेचा हिशोब कर. पावतीवरची वेळ बहुतेक वेळा हजर राहण्याची असते, गाडी चालवायची नव्हे. समज, पावतीवर सकाळी साडेअकरा आहे आणि तुझी पाळी नऊ ते सहा. केंद्रावर जायला तास लागतो, म्हणजे निघायचं दहाला. मग कागदपत्रांची तपासणी, रांग, प्रत्यक्ष चाचणी, निकाल यात दोन-तीन तास सहज जातात. परत यायचा तास धरला की तीन-साडेतीन वाजतात. नऊला येऊन दहाला निघण्यात कोणाचाच फायदा नाही, म्हणून इथे पूर्ण दिवस मागणं रास्त आहे. वेळ सकाळी नऊची असती तर अर्धा दिवस मागावा, असं मी म्हटलं असतं. पण 'दोन वाजेपर्यंत येतो' असं लिहून मोकळा होऊ नकोस. रांग तुझ्या हातात नसते, आणि तीन वाजता पोचलास की मंजूर रजेवर असूनही उशिराचा शेरा बसतो.

दुसरा प्रश्न असतो, 'पुढच्या महिन्यात जा की!' त्याचं उत्तर तुझ्या शिकाऊ परवान्यावर छापलेलं आहे. त्याची मुदत कधी संपते ते एका वाक्यात लिही. मुदत जवळ आली असेल तर तारीख का हलवता येत नाही, हे आणखी समजवावं लागत नाही. मुदत लांब असेल तर मात्र उगाच निकड दाखवू नकोस. तारीख निवडतानाच महिनाअखेर किंवा मालमोजणीचे दिवस टाळ.

आता हा नमुना बघ:

विषय: गुरुवार, १६ जुलै रोजी एक दिवसाची रजा (वाहन परवाना चाचणी)

आदरणीय महोदय,

गुरुवार, १६ जुलै रोजी सकाळी ११.३० वाजता माझी वाहन परवान्याची चाचणी आहे. माझ्या शिकाऊ परवान्याची मुदत २४ जुलैला संपत असल्याने तारीख पुढे नेणे शक्य नाही. तपासणी व चाचणीला लागणारा वेळ निश्चित नसल्याने त्या दिवशी पूर्ण दिवसाची किरकोळ रजा मंजूर करावी, ही विनंती.

गुरुवारी पाठवायच्या मालाची यादी मी बुधवारी संध्याकाळपर्यंत तयार करून ठेवीन. त्या दिवशीच्या नोंदी करण्यास दुपारच्या पाळीतील सहकारी तयार आहेत. चाचणी केंद्राकडून रद्द झाल्यास नवीन तारीख कळताच आपल्याला कळवीन. वेळ ठरल्याची पावती सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,

सहकाऱ्याच्या जागी खरं नाव घाल, पण आधी त्याला विचारून. साहेबांनी त्याला हाक मारली आणि तो 'मला माहीतच नाही' म्हणाला, तर अर्ज तिथेच अडकतो. 'नापास झालो तर पुन्हा रजा लागेल' हे आत्ता लिहायची गरज नाही. ती वेळ आलीच तर वेगळा अर्ज कर. केंद्राने चाचणी रद्द करणं ही वेगळी गोष्ट आहे, पाऊस किंवा यंत्रणेतल्या बिघाडाने तसं होतं, म्हणून ते एक वाक्य ठेवलं आहे.

पावती जोडताना तारीख, वेळ आणि तुझं नाव दिसू दे. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख झाकून टाक. काही ऑनलाइन यंत्रणांत या दोन गोष्टींवर तुझा अर्ज उघडता येतो, आणि ठरलेली वेळ रद्दही करता येते. रजेसाठी त्यांचा काहीच उपयोग नाही.

तब्येतीचं कारण देऊन सुट्टी घ्यायचा सल्ला कोणीतरी देईलच. परवान्यावर चाचणीच्या आसपासची तारीख छापलेली असते, आणि तोच परवाना उद्या तू ओळखपत्र म्हणून कार्यालयात देणार आहेस.

वेळ नक्की झाली की त्याच दिवशी अर्ज पाठव. दोन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर नवा मेल न लिहिता त्याच मेलवर एका ओळीत आठवण कर. तोंडी 'जा, जा' म्हणाले, तर 'आपण आज मंजुरी दिल्याप्रमाणे १६ जुलैला रजेवर असेन' असं तिथेच लिहून ठेव. पगाराचा हिशोब करणाऱ्यांपर्यंत तोंडी होकार पोचत नाही.

तुझा,
काका