अहवालातलं एक टिंब

«मी हिशोबाचं काम करते. मागे एकदा माझ्या हातून आकडा चुकला. तेव्हापासून प्रत्येक कागद पाच-सहा वेळा तपासते, तरी खात्री वाटत नाही. चूक सापडली तर साहेबांना सांगायला छाती होत नाही आणि न सांगता झोप लागत नाही. काय करू?»

तुमच्यासारखेच एक गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची गोष्ट सांगते. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ते सतरा वर्षं क्लार्क आहेत. तिथे सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

ऑगस्टमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संचालक मंडळाची सभा होती, वार्षिक अहवालाला मंजुरी द्यायची होती. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टमध्ये सगळ्याच संस्थांत अहवालाची घाई असते. भाऊ रात्री घरी बसून तेरा संचालकांच्या प्रती पाकिटांत घालत होते. पावणेदहाला सहज ‘ठळक प्रगती’चं पान उघडलं गेलं. तिथे एनपीएचं, म्हणजे थकलेल्या कर्जांचं प्रमाण छापलं होतं : ०.४८ टक्के.

त्यांना आधी खटकलं ते टिंब नव्हे, तर एक माणूस. संस्थेची एकूण कर्जं ६२ कोटी ५० लाख. त्याच्या ०.४८ टक्के म्हणजे ३० लाख. आणि एका शीतगृहवाल्याचं थकलेलं कर्जच ४५ लाखांचं होतं, त्याला नोटिसा भाऊंनीच पाठवलेल्या. एकट्याची थकबाकी संपूर्ण संस्थेच्या थकबाकीपेक्षा मोठी कशी असेल? त्यांनी ताळेबंद काढला. एनपीए ३ कोटी, भागिले ६२.५०, म्हणजे ४.८ टक्के. आदल्या वर्षी ५.२ होतं, म्हणजे सुधारणा होती, पण बेताची.

चूक कशी झाली तेही त्यांना तिथेच उमगलं. एक्सेलच्या त्या रकान्यात 0.048 असं दिसत होतं, कारण तो टक्केवारीत बदललेला नव्हता. टक्के करताना टिंब दोन घरं सरकवायचं असतं, त्यांनी एकच सरकवलं. डीटीपीवाल्याला ०.४८ त्यांनीच लिहून दिलं होतं. ऑडिट झालेले ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक बिनचूक होते. चुकलं होतं फक्त कौतुकाचं पान. पण मॅनेजरसाहेबांनी त्याच आकड्यावरून चेअरमनसाहेबांचं मनोगत लिहून दिलं होतं, आणि त्यात ‘वसुलीत संस्थेने घेतलेली ऐतिहासिक झेप’ असं एक वाक्य होतं.

इथपर्यंत सगळं मिळून दहा मिनिटं. साहेबांना फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला.

मधल्या साडेआठ तासांत काय झालं, हे आम्ही पहिल्या दोन भेटींत मिनिटामिनिटाने मांडलं. मी ते मुद्दाम करून घेते, कारण माणसं सांगतात ‘रात्रभर टेन्शन होतं’ आणि त्या एका शब्दाखाली जे घडलं ते दडून जातं. भाऊंनी तो भागाकार नऊ वेळा केला होता. पहिल्या तीन वेळा उत्तर ४.८ आलं आणि तेच बरोबर हे त्यांना ठाऊक होतं. चौथ्या वेळी शंका आली की भागायचं एकूण कर्जाने की तरतूद वजा करून उरलेल्या कर्जाने. सहाव्या वेळी ते ३ कोटी खरे का, म्हणून थकबाकीदारांची यादी बेरजेला घेतली. एक वाजता बायको उठून म्हणाली, “अहो, किती वेळ चाललंय? सांगून टाका ना त्यांना.” त्यावर हे म्हणाले, “आधी खात्री तर करू दे.”

या वाक्याशी आम्ही बराच वेळ थांबलो. मी विचारलं, “भाऊ, तिसऱ्या भागाकारानंतर तुम्हाला नक्की कसली खात्री हवी होती?” ते गप्प बसले. मग म्हणाले, “तपासत होतो तोवर फोन करायला लागत नव्हता.”

त्या रात्री कामं दोन होती, चूक शोधायची आणि ती सांगायची. पहिलं केव्हाच संपलं होतं. दुसरं जड होतं, म्हणून पहिलंच पुन्हापुन्हा चाललं होतं. तपासणं हे कामासारखं दिसतं, त्यात आळस नाही, उलट काळजी दिसते. त्यामुळे आपण टाळतोय हे स्वतःलाही कळत नाही. तुमच्या पत्रात तपासणं आणि सांगायला छाती न होणं या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून आल्या आहेत. मला त्या एकच असाव्यात असं वाटतं, पण हे तुम्हीच पडताळून पाहा : शेवटच्या वेळी तुम्ही पाचव्यांदा तपासत होता, तेव्हा पुढे कोणाशी बोलायचं होतं का?

दुसरी गंमत अशी की, वारंवार तपासल्याने खात्री वाढत नाही, ती घटते. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी, ती लावायची, बंद करायची आणि बंद झाली का ते बघायचं, असं पुन्हापुन्हा. शेवटच्या खेपेला कोणती बटणं बंद केली हे या लोकांना बऱ्यापैकी अचूक आठवत होतं. पण ती आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. सारखंच कृत्य वीस वेळा केलं की विसाव्या वेळेचा वेगळा ठसा उमटत नाही, आणि ठसा नाही म्हणून मन म्हणतं, पुन्हा बघ. भाऊंचं चौथ्या भागाकारानंतर हेच झालं.

आता फोनबद्दल. सकाळी भाऊंनी सुरुवातच “साहेब, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय, सतरा वर्षांत असं कधी...” अशी केली. साहेबांना वाटलं तिजोरीचं काहीतरी झालं. शेवटी ते ओरडले, “भाऊ, आकडा काय आहे ते सांगा आधी!” आकडा ऐकल्यावर ते शांत झाले. मग मात्र खरे चिडले : “रात्रीच का नाही कळवलंत? डीटीपीवाला अकरापर्यंत दुकानात असतो.” म्हणजे साहेबांचा राग टिंबावर कमी आणि उशिरावर जास्त होता. पान नव्याने छापायची वेळ निघून गेली होती. तेरा प्रतींत शुद्धिपत्रकाची चिठ्ठी चिकटवली, चेअरमनसाहेबांनी झेपेचं वाक्य गाळून मनोगत वाचलं. एक संचालक हसून म्हणाले, “भाऊ, एका रात्रीपुरतं राज्यात पहिलं आणलंत की आम्हाला!” सभा पुढच्या विषयाकडे गेली. सभासदांच्या प्रती अजून छापायच्याच होत्या, त्या दुरुस्त होऊन निघाल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नंतर भाऊ व्हाउचरं, रोजकीर्द, पासबुकातल्या नोंदी असं सगळंच पाच-सहा वेळा बघू लागले. सहाला घरी येणारा माणूस साडेआठला यायला लागला. महिनाभराने बायकोने त्यांना माझ्याकडे आणलं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, सांगण्याची रीत. चार मुद्दे, याच क्रमाने : कुठल्या पानावर, काय छापलंय, काय हवं आणि ते कशावरून, आणखी कुठे कुठे बदलावं लागेल. “पान सहा, एनपीए ०.४८ छापलंय. ४.८ हवं, ताळेबंदातले ३ कोटी भागिले ६२.५० कोटी. मनोगतातलं झेपेचं वाक्यही बदलावं लागेल.” माफी शेवटी, एका ओळीत. भाऊंना हे उद्धट वाटलं. मी साहेब झाले आणि त्यांच्याकडून सात-आठदा वदवून घेतलं. पुढे बसलेल्याला आधी दुरुस्तीचं काम हातात हवं असतं. माफी आधी आली तर त्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं.

यावर एक प्रश्न हमखास येतो : साहेबच म्हणाले “राहू दे तसंच” तर? तेव्हा हेच चार मुद्दे तारीख घालून लेखी द्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. तिथून पुढचा निर्णय त्यांचा असतो.

दुसरी गोष्ट, तपासण्याला कुंपण. कोणताही आकडा दोनदाच तपासायचा, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या वाटेने. भागाकार केला असेल तर उलटा गुणाकार : ६२.५० कोटींचे ४.८ टक्के ३ कोटी येतात का? बेरीज वरून केली असेल तर खालून. मग कोपऱ्यात पेन्सिलने वेळ लिहायची आणि कागद पुढे सरकवायचा. त्याच क्षणी अस्वस्थता शंभरपैकी किती आणि अर्ध्या तासाने किती, तेही वहीत टिपायचं. पहिल्या दिवशी भाऊंनी ८५ लिहिलं, अर्ध्या तासाने ७०. दहाव्या दिवशी ६० आणि ३०. आकड्यांचा माणूस असल्याने वहीतलं त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा जास्त पटलं. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री मात्र ते घसरले, सूचनापत्र अकरा वेळा वाचलं. आम्ही तेही वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून परत दोनवर आलो.

ती चूक सर्वस्वी आपलीच, हे त्यांचं मत मला फारसं हलवता आलं नाही. रकाना तसाच ठेवणारा, टाइप करणारा, पान न वाचता सही करणारे साहेब, ताळेबंदाशी ताडून न बघणारे सगळे, असे वाटे घातल्यावरही स्वतःकडे त्यांनी साठ टक्के ठेवले. मी वाद घातला नाही.

तुमचं तपासणं ऑफिसपुरतं असेल तर हे घरीही करून पाहता येईल. पण त्यात रोजचा तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा कुलूप, गॅस, नळ यांच्यापर्यंत ते पोचलं असेल आणि थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. तो ओसीडी नावाचा मनोविकार असू शकतो आणि त्यावर नीट उपचार आहेत. अशा वेळी नुसत्या वहीवर विसंबू नका.

भाऊ शेवटच्या भेटीनंतर फीची पावती घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “मॅडम, अंकी आठशे आहे, अक्षरी सातशे लिहिलंय. आठशे दिलेत मी, अक्षरी बदलायला हवं.” मी खोडून सही केली. त्यांनी पावती एकदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि गेले.